फॉल हाताने लावला, साडी गोळा झाली. कोणता टाका कुठे घालायचा?

सुई_हरवली
नमस्कार मंडळी. घरी मशीन नाही, शिवणाचा अनुभव म्हणजे शाळेत कार्यानुभवात लावलेलं एक बटण. 24 तारखेला मावसबहिणीचं लग्न आहे आणि आईने तिची भंडाऱ्याकडची कोशाची साडी मला दिली. जुना फॉल विरून गेला होता. इथे नागपुरात बर्डीवर दोन ठिकाणी विचारलं, लग्नसराई आहे म्हणून पंधरा दिवस सांगितले. म्हटलं आपणच लावू.

मैत्रीण म्हणाली की हाताच्या टाक्यांमध्ये बखिया सगळ्यात मजबूत. म्हणून खालची आणि वरची, दोन्ही कडा बखियाने शिवल्या. चार संध्याकाळ गेल्या. काल साडी उलगडून पाहिली तर काठ सरळ पडतच नाही, झालरीसारखा गोळा झालाय. निऱ्या घातल्या की खालून फुगतात.

आता दोन प्रश्न. एक, हे सुधारता येईल का? दोन, धावदोरा, बखिया, लपता टाका आणि ब्लँकेट टाका हे चार शिकून घ्यायचे म्हणते, पण कोणता कुठे हे कसं कळतं?

गोकुळपेठचा_गण्या
मशीनवर मारून टाका न. काहून एवढा ताप करून राहिल्या?

सुई_हरवली
@गण्या, पहिलं वाक्य पुन्हा वाचा न भाऊ.

मनीषनगर_रिटायर्ड
"टाके" वाचून घाईघाईने आत आलो. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं आहे, टाके कधी काढतात ते विचारायचं होतं. इथे साडी निघाली. तरी बसतो, बायको विचारेल तर काहीतरी सांगता येईल.

कात्रीवाल्या_काकू
अगं सुई_हरवली, घाबरू नकोस, साडी गेली नाही. पण आधी चार गोष्टी सांग. फॉल लावण्याआधी भिजवला होतास का? दोरा एकेरी घेतलास की दुहेरी? शिवताना कापड जमिनीवर पसरलं होतंस की मांडीवर घेतलं होतंस? आणि शेवटचं, लावल्यावर साडी अजून धुतली नाहीस ना?

सुई_हरवली
काकू, भिजवला नाही. दोरा दुहेरी, पॉलिएस्टरचा. मांडीवर घेऊन, टीव्ही बघत बघत. प्रत्येक टाका घट्ट ओढला, म्हणजे पक्का बसेल. साडी धुतली नाही.

कात्रीवाल्या_काकू
म्हणजे पाणी लागायच्या आधीच गोळा झाली. तेव्हा हा फॉल आटल्याचा झोल नाही, टाक्याचा आहे. आटण्याचा झोल पहिल्या धुण्यानंतर आला असता, तो वेगळा. तुझ्याकडे दोन्ही होणार होते, एकच झाला. नशीब म्हण.

मी महालात तीस वर्षं शिवणवर्ग घेते. पहिल्या दिवशी मुलींना टाके शिकवायच्या आधी दोन चिंध्या देते. तूही कर. वीतभर लांबीचे दोन जोड घे. एकावर धावदोरा घाल, एकावर बखिया. दोन्हींमध्ये मुद्दाम दोरा थोडा जास्त ओढ, म्हणजे दोन्ही आकसतील. मग दोन्ही चिंध्या अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून एका टोकाकडून दुसरीकडे सपाट करत जा. काय होतं ते इथे सांग. तोवर मी पुढचं सांगत नाही.

गोकुळपेठचा_गण्या
काकूंच्या वर्गात होमवर्क पण आहे बाप्पा.

डबल_दोरा_दादा
बखियाला दोष देऊ नका. माझ्या ऑफिसच्या बॅगचा पट्टा तुटला होता, बखियाने शिवला, दोन वर्षं झाली, रोज लॅपटॉप वागवतो. दोरा नेहमी दुहेरीच घ्यावा आणि जितका जाड तितका चांगला. मी तर मासे पकडायची नायलॉनची दोरी वापरली. ताईंनी फक्त ओढायला नको होतं, बाकी पद्धत बरोबर आहे.

सुई_हरवली
काकू, केलं. धावदोऱ्याची चिंधी चिमटीत धरून सरकवली तर चुण्या पसरल्या आणि जवळजवळ सपाट झाली, टोकाला दोरा मात्र थोडा सैल सोडावा लागला. बखियाची चिंधी तशीच. इस्त्री फिरवली तरी तशीच. हे काय प्रकरण आहे?

कात्रीवाल्या_काकू
हेच प्रकरण. धावदोऱ्यात सुई एकाच दिशेने पुढे जाते, दोरा कापडातून मोकळा सरकतो. एखाद्या जागी जास्त ओढला गेला तरी हाताने पसरवून तो ताण शेजारच्या टाक्यांवर वाटता येतो. म्हणूनच झालरीच्या चुण्या याच टाक्याने पाडतात, दोरा ओढला की कापड गोळा. बखियात प्रत्येक टाका मागे येऊन आपल्या मागच्याला धरतो. उलट्या बाजूने बघ, टाके एकमेकांवर चढलेले दिसतील. तिथे दोरा सरकत नाही. ज्या क्षणी तू जितका ओढलास तितकाच तो कायमचा अडकला. पाच मीटरच्या साडीला अडीच मीटरच्या आसपासचा फॉल, त्यात शेकडो टाके, प्रत्येक टाक्याने केसभर कापड खाल्लं तरी काठ गोळा होणारच.

दोऱ्याचा हिशेब केलास तरी हे समजेल. धावदोऱ्याला शिवणीच्या लांबीपेक्षा थोडा जास्त दोरा पुरतो, बखियाला जवळपास तिप्पट. वर एकपट, खाली दुप्पट. इतका दोरा कोशाच्या काठात कोंबायचं कारण काय?

@डबल_दोरा_दादा, तुमच्या पट्ट्याला बखिया अगदी बरोबर. तिथे ओझं शिवणीला दोन बाजूंना खेचतं, शिवण उघडायला बघतं. कुर्त्याची काखेखालची शिवण, पायजम्याची बैठक, पिशवीचा पट्टा, तिथे बखियाच हवा. फॉलला कोणी खेचत नाही. तो नुसता लटकतो. त्याचं काम निऱ्यांना वजन देणं आणि काठ चपलेच्या घासणीपासून वाचवणं. "ओढायला नको होतं" हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण न ओढताही तो टाका या जागेचा नाही.

आणि नायलॉनची दोरी बॅगेला चालते. साडीला कधीच नको. दोरा कापडापेक्षा कमजोर असावा. कुठे पाय अडकला, जोडवं अडकलं, तर दोरा तुटला पाहिजे. दोरा दोन रुपयांचा, तो पुन्हा घालता येतो. दोरा तुटला नाही तर कोसा फाटतो.

डबल_दोरा_दादा
हे दोरा कमजोर असावा वगैरे पहिल्यांदाच ऐकलं. माझ्या पट्ट्याच्या कापडाला टाक्यांच्या ओळीत बारीक चीर गेलीय खरी. मी समजत होतो कापड हलकं असेल.

थिएटर_सिस्टर
@मनीषनगर_रिटायर्ड, टाके कधी काढायचे ते तुमच्या सर्जननाच विचारा, इथे नाही. पण तुम्ही अगदी चुकीच्या धाग्यात आला नाहीत. मी मेडिकलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये खूप वर्षं होते. आमच्याकडेही हाच वाद. सलग दोऱ्याने शिवलं तर भराभर होतं आणि ताण सारखा वाटला जातो, पण एका जागी दोरा तुटला तर सगळी ओळ सैल पडते. सुटे सुटे टाके घातले तर एक तुटला तरी बाकीचे धरून राहतात. आमच्या सलग टाक्यांमध्ये एक अडकवत जाणारा प्रकारही असतो, त्याचा आकार थेट तुमच्या ब्लँकेट टाक्यासारखा.

तेव्हा काकूंना माझा प्रश्न: फॉलला नुसता धावदोरा घातला आणि मध्येच तुटला, तर चालता चालता अख्खा फॉल लोंबणार नाही का?

कात्रीवाल्या_काकू
सिस्टर, बरोबर ठिकाणी सुई टोचलीत. म्हणून दर वीतभर अंतरावर एक टाका मागे घ्यायचा. सात-आठ इंच धावदोरा, एक बखियाचा टाका, पुन्हा धावदोरा. तुटला तर तेवढीच वीत उघडते. मात्र तो मागचा टाका घ्यायच्या आधी झालेली वीत चिमटीतून सपाट करून घ्यायची, कारण त्यानंतर तिथला दोरा अडकला.

ईशान_ची_मम्मी
काकू, माझा वेगळा प्रश्न. तान्ह्या पोळ्याला मुलाच्या लाकडी बैलाला झूल करायची आहे. फेल्टचं कापड आणलंय. कडेला धावदोरा घातला तर बावळट दिसतोय. ब्लँकेट टाका घालू का? की हे काजासारखंच असतं?

वर्धमाननगर_वंदना
हो, ब्लँकेट म्हणजेच काजटाका. फक्त दूर दूर घालायचा. आम्ही शाळेत हेच शिकलो.

कात्रीवाल्या_काकू
वंदना, चुलत बहिणी आहेत, जुळ्या नाहीत. ब्लँकेट टाक्यात दोरा कडेवर नुसता सुईखालून जातो आणि कडेला एक सरळ रेघ तयार होते. बटणाच्या काजात कडेवर प्रत्येक टाक्याला छोटी गाठ पडते आणि टाके एकमेकांना चिकटून असतात, कारण तिथे बटण दिवसातून चार वेळा घासणार. जुन्या शिवणवर्गांमध्ये दोन्हींना एकच नाव सर्रास वापरतात, त्यामुळे तू शाळेत तसं शिकली असशील.

ईशानच्या मम्मी, फेल्टला ब्लँकेट टाका उत्तम. फेल्ट विणलेलं नसतं, त्याचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे टाक्याला धरून ठेवायचं काम फारसं नाही, शोभा मात्र खूप. सहा धाग्यांच्या भरतकामाच्या लडीतले तीन धागे घ्या. पाव इंच खोल, पाव इंच अंतरावर. मुलींचे टाके खालीवर होतात, म्हणून मी कडेपासून पाव इंचावर खडूची रेघ मारायला लावते. कोपऱ्यावर एकाच भोकातून तीन टाके घ्यायचे, एक अलीकडच्या बाजूला, एक तिरपा थेट टोकाकडे, एक पलीकडच्या बाजूला. नाहीतर कोपऱ्यावरून दोरा घसरून आत येतो.

ईशान_ची_मम्मी
कोपराच बिघडत होता! तीन टाक्यांनी बसला. बैल आता लग्नाला जायच्या तयारीत दिसतोय.

गोकुळपेठचा_गण्या
मग ब्लँकेट टाका साडीच्या सुटलेल्या टोकाला पण चालेल? पिकोचे पैसे वाचतील.

कात्रीवाल्या_काकू
नाही रे. रेशमाचे धागे कडेवरून सुटतात आणि टाक्याच्या मधल्या जागेतून निसटतात. आठ दिवसांत टाकाच धाग्यांसकट हातात येईल. आधी दुमडून मग घातला तर गोष्ट वेगळी. लोकरीच्या शालीला, कांबळ्याला चालतो, कारण लोकर एकमेकांत गुंतून बसते.

सुई_हरवली
मंडळी, बैलाची झूल झाली, माझी साडी अजून पलंगावर आहे. उसवायची कशी? बखिया उसवताना कोसा फाटेल अशी भीती वाटते.

कात्रीवाल्या_काकू
फॉलच्या बाजूने उसव, साडीच्या बाजूने नाही. छोट्या कात्रीच्या टोकाने दर तिसरा-चौथा टाका काप. मग फॉल हळूच उचल, तुकडे सुटत येतील. राहिलेले साडीच्या बाजूने चिमट्याने काढ. सलग दोरा ओढून काढायला जाऊ नकोस. तो सरकत नाही हे आता तुला माहीत आहे, ओढलास तर साडीचे धागे सोबत येतील. भोकं दिसतील. उलट्या बाजूने, मध्ये मलमलचं ओलसर फडकं ठेवून कमी आचेवर इस्त्री फिरव आणि नखाने दोन्ही दिशांनी हलकं घास. बरीच बुजतात. सगळी बुजतील असं सांगत नाही.

फॉल रात्रभर पाण्यात टाक, सकाळी वाळव, इस्त्री कर. मग लाव.

वर्धमाननगर_वंदना
पाण्यात मूठभर मीठ टाका, रंग पक्का होतो.

कात्रीवाल्या_काकू
मिठावर माझा विश्वास नाही. सुती कापडाचा आधीच बसलेला रंग मिठाने पक्का होत नाही असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा ओल्या फॉलवर पांढरं फडकं दाबून बघ. रंग लागला तर दुसरा फॉल आण.

वर्धमाननगर_वंदना
आमच्या तीन पिढ्या मीठ टाकत आल्या आहेत. आमच्या साड्या बघायला या.

माहेर_महाल_सासर_पुणे
मला वाटतं फॉलची वरची कड तुरपाईने शिवावी, आमच्याकडे सगळे तसंच करतात. लपत्या टाक्याचं एवढं काय? तुरपाई लवकर होते.

कात्रीवाल्या_काकू
वरच्या कडेला तुरपाई चालते, लाखो साड्यांवर आहे. फरक एवढाच की तुरपाईत दोरा घडीवरून तिरपा बाहेर पडलेला असतो. साडीत पाय घालताना जोडवं किंवा पैंजणाचं टोक त्या तिरप्या दोऱ्यात अडकतं आणि फर्रकन सुटतं. लपत्या टाक्यात दोरा फॉलच्या घडीच्या आत, बोगद्यातून गेल्यासारखा जातो. बाहेर अडकायला काही राहतच नाही.

करायचा असा: फॉलची कड दुमडलेली हवी. नसेल तर पाव इंच दुमडून इस्त्री कर. सुई घडीच्या आत घाल, अर्धा सेंटिमीटर आतून पुढे ने, बाहेर काढ. बरोबर समोर साडीचे एक किंवा दोनच धागे उचल. पुन्हा घडीत, जिथून बाहेर आलीस तिथूनच. दोरा ओढू नकोस, नुसता बसू दे. दर दहा-बारा टाक्यांनी साडी सुलट करून बघ. टिंबं दिसली तर जास्त धागे उचलतेस. काठावर खळगी दिसली तर ओढतेस.

माहेर_महाल_सासर_पुणे
जोडव्याचं खरं आहे. माझ्या साखरपुड्यात स्टेजवर हेच झालं होतं, फोटोत मी एका पायावर उभी आहे.

सुई_हरवली
उसवून झालं. दोन तास लागले. भोकं ऐंशी टक्के गेली. फॉल भिजवून वाळवल्यावर मोजला तर चार सेंटिमीटर कमी भरला! म्हणजे हा धुतल्यावर साडीला घेऊन आटला असता. आता खालची कड धावदोरा, वरची लपता टाका, बरोबर ना? सुरुवात कुठून करू?

कात्रीवाल्या_काकू
बरोबर. पदराच्या विरुद्ध टोकापासून, जे आधी खोचतो ते. मी वीतभर सोडून सुरू करते, कारण ते आत खोचलं जातं आणि तिथे जाडी नको. काही जणी अगदी टोकापासून लावतात, तेही चूक नाही.

चटईवर साडी उलटी पसर. मांडीवर नको. गुडघ्यावर कापड वळतं तेव्हा वरच्या थराला खालच्यापेक्षा लांब वळसा पडतो, तू त्याच स्थितीत दोन्ही थर जोडतेस आणि सपाट केल्यावर एक थर उरतो. तुझा निम्मा झोल तिथला असणार. फॉल काठापासून दोन मिलिमीटर वर ठेव म्हणजे सुलट बाजूने डोकावणार नाही. ओढून ताणू नकोस, किंचित सैल पडू दे. दोन-दोन इंचांचे कच्चे टाके घालून आधी धरून ठेव. टाचण्या कोशावर रात्रभर ठेवू नकोस, या दमट हवेत गंजाचा डाग पडतो.

दोरा सुती, एकेरी, बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत लांब. त्याहून लांब घेतलास की पिळा पडतो, गाठी होतात. सुई नऊ किंवा दहा नंबरची. नंबर वाढला की सुई बारीक होते, उलटं समजू नकोस.

मनीषनगर_रिटायर्ड
बायकोला विचारलं, ती म्हणते सुई केसात फिरवायची, मे महिन्यात घामाने अडकते तेव्हा. माझ्या केसात फिरवायला आता काही राहिलं नाही.

कात्रीवाल्या_काकू
वहिनी बरोबर सांगतात. केसांच्या तेलाने सुई सरकते. फक्त कोशावर तेलाचा डाग नको, म्हणून मी हाताला पावडर लावते.

डबल_दोरा_दादा
मी पट्टा उसवला. नायलॉनने खरंच कापड चिरलं होतं. आता सुती दोरा, एकेरी, बखिया. पण एकेरी दोऱ्याने लॅपटॉप पडला तर कोणाला जबाबदार धरू?

कात्रीवाल्या_काकू
बॅगेला दुहेरी घ्या हो. जाड सुती, दोनदा बखिया, आणि चिरलेल्या जागेखाली कापडाचा तुकडा. मी साडीबद्दल बोलत होते!

सुई_हरवली
लावला. दोन संध्याकाळी, चटईवर, टीव्ही बंद. काठ सरळ पडतोय, निऱ्या खाली बसतात. सुलट बाजूने तीन जागी टाका दिसतो, त्या निऱ्यांच्या आत गेल्या. एक जागा अगदी समोर आलीय, डाव्या पायाजवळ. उसवून परत घालू की राहू देऊ? परवा निघायचंय.

माहेर_महाल_सासर_पुणे
राहू दे. लग्नात पायाकडे कोण बघतं. जोडवं तेवढं सांभाळ.

कात्रीवाल्या_काकू
एकच टाका आहे, दहा मिनिटांचं काम. आधी आजूबाजूला दोन नवे टाके घालून गाठ पाड, मग मधला काप. मोठी ओळ मोकळी करू नकोस.

वर्धमाननगर_वंदना
आणि पुढच्या फॉलला मीठ.